चार लिखाणं अर्धवट आहेत, आधी कोणतं पुरं करू?

मीरा_औसा (27 मे)
नमस्कार. मी शाळेतून निवृत्त झाले आहे, औसा तालुक्यात राहते. चार मसुदे अर्धवट पडलेत. रोज एक उघडते, चार ओळी लिहिते आणि दुसऱ्याची काळजी लागली की ते मिटते.

पहिला, दिवाळी अंकासाठी आमच्या भागातल्या बारवांवरचा लेख. संपादकांनी 15 जुलैपर्यंत मागितलाय, निम्मा झालाय. दुसरा, गावातल्या शेतकऱ्यांसाठी सोयाबीनच्या घरच्या बियाण्याचं पत्रक. उगवण तपासणी आणि बीजप्रक्रिया दोन्ही त्यात आहे. तिसरा, माहिती अधिकारातलं पहिलं अपील. तलावातल्या गाळाच्या कामाची बिलं मागितली होती, 6 मे रोजी अपुरं उत्तर हातात आलं. चौथा, सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या. त्या 84 वर्षांच्या आहेत. साठेक ओव्या उतरवल्यात, पण काही शब्द मला लागत नाहीत.

पैसे फक्त दिवाळी अंकाचे मिळतील, म्हणून मन तिकडे ओढतं. रोज दोन तास मिळतात. काय करू?

बोरी_बाभळी
दिवाळी अंक आधी. गेल्या वर्षी मी आठ दिवस उशीर केला, तोवर पानं लागून गेली होती. कथा अजून तशीच पडून आहे. अपिलाचं एवढं मनावर घेऊ नका, उशीर माफ होतो.

दप्तर_दिरंगाई
माफ होतो, पण मुदतीत अपील न करण्याला पुरेसं कारण होतं असं अपिलीय अधिकाऱ्याला पटलं तरच. 'दुसरं लिखाण चालू होतं' हे कारण चालणार नाही. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवस म्हणजे ताईंची मुदत 5 जूनला संपते. आणि हे काम एका पानाचं आहे: काय मागितलं, काय दिलं, कोणत्या मुद्द्याचं उत्तर नाही. अर्जाची आणि उत्तराची प्रत, वर 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ताई, तुमचा मसुदा लांबलाय का?

मीरा_औसा
हो, पाच पानं झालीत. गावातला सगळा इतिहास लिहिला आहे.

दप्तर_दिरंगाई
मग तिथेच अडलंय. हे वाचणारा एकच अधिकारी आहे आणि त्याला कोणता मुद्दा राहिला एवढंच बघायचंय. इतिहास काढा, एका बैठकीत होईल.

शिवार
पत्रकासाठी कोरलमध्ये मजकूर लावून हवा असेल तर मी करून देईन. फॉन्ट कोणता आहे?

मीरा_औसा
धन्यवाद दादा, पण अडचण आधी काय लिहून संपवावं ही आहे.

काळी_माती
मी कृषी खात्यात होतो. ताई, पत्रकाची मुदत तुम्ही पेरणीपर्यंत धरली असावी. ती चूक आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले की मोजायला सात दिवस लागतात. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी नेहमीचं 30 किलो बियाणं पुरतं. कमी उगवले तर बियाणं वाढवायचं, फारच कमी असेल तर दुसरं बघायचं, त्यालाही दिवस हवेत. पत्रक 29 मेला हातात पडलं तर निकाल 5 जूनला कळेल. 10 जूनला पडलं तर 17 उजाडेल. तोवर चांगला पाऊस झाला तर कोणी गोणपाट उघडायला थांबणार नाही. मग तुमचं पत्रक कितीही चांगलं असो, पुढच्या वर्षीच कामाला येईल.

म्हणून पत्रकाचे दोन तुकडे करा. उगवण तपासणीचं अर्धं पान उद्याच द्या. बीजप्रक्रिया पेरणीच्या वेळी करायची असते, ते पान दहा दिवसांनी दिलं तरी चालेल. त्यात एक गोष्ट ठळक लिहा: बुरशीनाशक आधी, जिवाणू खत शेवटी. लोक उलटं करतात.

जात्यावर
मला हे सगळं पटत नाही. ओव्यांना तारीख नाही म्हणून त्या शेवटी ढकलताय. माझ्या आजीच्या वहीत अकरा शब्द असे आहेत की आता विचारायला कोणी नाही. लेखाला पुढचं वर्ष आहे, त्या शब्दांना नाही.

काळी_माती
खरं आहे. पण ओव्यांचा मसुदा आज पुरा करायची गरज नाही. अडलेले शब्द तेवढे विचारून आवाज रेकॉर्ड करा, प्रस्तावना नंतर लिहा.

जात्यावर
नुसता शब्द विचारून भागत नाही, ओवी कधी आणि कोणासाठी म्हणायच्या हेही लागतं. त्याला बसून वेळ द्यावा लागतो.

मीरा_औसा (6 जून)
अपील 2 तारखेला दिलं, पोच घेतली. तपासणीचं अर्धं पान 29 मेला वाटलं. सात घरांनी गोणपाट भिजवलं. एकाचे 58 उगवले, तो आता बियाणं वाढवतोय. बीजप्रक्रियेचं पान आज लिहिते.

सासूबाईंना रोज संध्याकाळी अर्धा तास विचारते. एका शब्दावर बोलता बोलता चार नव्या ओव्या निघतात, त्यामुळे यादी कमी होण्याऐवजी वाढतेच आहे. दिवाळी अंकाचे दोन तासही आता त्यांच्याकडेच जातात. संपादकांकडे आठवडा वाढवून मागायचा असेल तर आत्ताच सांगावं की 10 जुलैपर्यंत थांबावं? ज्यांनी अंकाचं काम केलंय त्यांनी सांगा.