केस गळतायत: स्किनचा डॉक्टर, ट्रायकॉलॉजिस्ट की पार्लर?

विश्रामबागची वहिनी: ऑगस्टमध्ये डेंगू झाला. दिवाळीपासून केस मुठीने येतायत, न्हाणीची जाळी तुंबतेय. पार्लरवाली म्हणते हेअर स्पा कर, नणंद म्हणते ट्रायकॉलॉजिस्ट गाठ. आधी कुणाकडे जाऊ?

मिरजेचा बंडू: सरळ ट्रायकॉलॉजिस्ट. स्किनवाल्याकडे पिंपल्स-गजकर्णाची रांग, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. इथं कॅमेरा लावून टाळू पडद्यावर दाखवतात की ओ!

नागठाणेकर: कॅमेरा स्किनवाल्यांकडेही असतो. पाटीवर नुसतं ट्रायकॉलॉजिस्ट असेल तर खालची डिग्री वाचा. पुष्कळदा तो छोटा कोर्स असतो, डॉक्टरकी नव्हे. त्यांना रक्त तपासून गोळ्या देता येत नाहीत. टाळूची निगा, शाम्पू, तेल यांचा सल्ला मात्र नीट देतात. त्वचारोगातला एमडी असून केसांचंच बघणारा मिळाला तर उत्तमच.

वहिनी, गळालेला केस उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आलाय. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं, कारण तापात पुष्कळ केस एकदम वाढायचे थांबतात आणि मग एकत्र गळतात. तुमचा हिशोब तंतोतंत जुळतो. बहुतेकांचं सहा महिन्यांत आपोआप थांबतं. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड एकदा बघून घ्यावं. लोह कमी असेल तर गळती लांबते. म्हणून आधी स्किनचा डॉक्टर.

कात्रीवाली: मी पार्लर चालवते, म्हणून शिव्या खायला तयार आहे. पण गाठ नसलेले, आखूड, मध्येच तुटलेले तुकडे पडत असतील तर डॉक्टर काय करणार? स्मूदनिंगवर रोज इस्त्री फिरवली की असंच होतं. तिथं खराब टोकं कापणं आणि इस्त्री बंद करणं, एवढंच औषध. आणि मानेवर, कानामागं रुपयाएवढा गुळगुळीत ठिपका गिऱ्हाइकाला दिसत नाही, आम्हाला दिसतो. मी तिथंच थांबते, डॉक्टरकडं पाठवते. स्पानं मात्र वहिनींची गळती थांबणार नाही, खरं सांगते. केस मऊ लागतील, बस.

तासगावचा अण्णा: मला दाढीत चाई पडली होती. लसूण घासून कातडी सोलली. शेवटी डॉक्टरनं तिथंच बारीक इंजेक्शनं दिली, तेव्हा केस आले. लसूण नको!

नागठाणेकर: अण्णा, चाई वेगळी, वहिनींचं सगळीकडून विरळ होतंय. पण टाळू दुखते, खपल्या येतात, किंवा ठिपक्यात केसांची भोकंच दिसेनाशी झालीत, असं असेल तर आठवडाही घालवू नये. ती मुळं एकदा मेली की परत येत नाहीत.

मिरजेचा बंडू: माझ्या मेव्हण्याला ट्रायकॉलॉजिस्टच्या सीरमनं फरक पडला, तो काय खोटा?

नागठाणेकर: तापानंतरचं असेल तर सीरमशिवायही पडला असता. टक्कल असेल तर बाटलीवर मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध लिहिलंय का ते बघा.

विश्रामबागची वहिनी: पांढरी गाठ आहे. पण नणंदेनं पीआरपीच्या, आपल्याच रक्तातला अंश टाळूत टोचतात त्याच्या, सहा सिटिंगचा ॲडव्हान्स भरलाय हो!

कात्रीवाली: पावती शोधून ठेवा आधी.