तिरक्या पृष्ठभागाचा गॅप: कोन विसरू नका

> ‘उतार आडव्याशी ३०°, त्याच्यावर पिन. पिनचा X ±०.२, Y ±०.१ मिमी. उताराला लंब गॅप ±०.३ धरू का?’

नको. X मधला बदल लंब दिशेत sin ३०° पटच पोचतो, म्हणजे ०.१०. Y चा cos ३०° पट, ०.०८७. इथवर बेरीज ०.१९ च, त्यामुळे ±०.३ सुरक्षित वाटतं. पण उताराच्या कोनाचा टॉलरन्स राहिलाच! तो ±०.५° असेल आणि उताराच्या टोकापासून पिन २० मिमीवर असेल, तर २० × ०.००८७ = ०.१७५. सगळ्यांत मोठा वाटा हाच. वर्स्ट केस, म्हणजे तिन्हींची सरळ बेरीज, ±०.३६; आरएसएस, म्हणजे तिन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ±०.२२. कोन रेडियनमध्येच घ्या, इथे हमखास चूक होते. गॅप उभ्या दिशेत मोजत असाल तर गुणक बदलतात: Y ला १, X ला tan ३०°.