मॅनेजर म्हणतो, पिन आणि पासवर्ड लिहून दे

जालना, फिल्डवर काम: बियाण्याच्या कंपनीत आहे. डीलरच्या दरांची यादी बाहेर फुटली. आता सगळ्यांनी फोनचा पिन आणि फेसबुकचा पासवर्ड कागदावर लिहून ‘माझी संमती आहे’ अशी सही करायची म्हणतात. फोन माझा, सिम माझं. नाही म्हणता येतं का?

उदगीर: सरळ नाही म्हणा भाऊ. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. विषय संपला.

वाळूज, स्वतःचं वर्कशॉप: संपला कसा? माझं ड्रॉइंग एका पोरानं व्हॉट्सॲपवरून बाहेर दिलं, ऑर्डर गेली. माणसांचे पगार कुठून काढायचे? २०२३ च्या डेटा कायद्याचं कलम ७ वाचा, गुपितं वाचवायला मालकाला मुभा आहे.

परभणी, शिक्षिका: आम्हाला तर हजेरीचं ॲप स्वतःच्याच फोनात टाकायला लावलं, लोकेशन चालू ठेवून. त्याचं काय करायचं?

नांदेड, कामगारांचे खटले चालवते: ताई, तो प्रश्न वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र विचारा.

वाळूजचे दादा, ती मुभा आहे, खरंय. पण ती नोकरीपुरती माहिती वापरण्याची आहे. त्यातून अख्ख्या फेसबुकची किल्ली मागता येते, असं मला वाटत नाही. शिवाय त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला आले आणि मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. उदगीरकर, तो खटला सरकारविरुद्धचा होता, खासगी कंपनीपुढं तेवढ्यावर भागत नाही.

जालन्याच्या दादांनी त्या सहीकडं बघावं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याचं यंत्र उघडणाऱ्याला लागतं. तुम्ही सही केली की परवानगी दिली, उद्या तक्रार कशावर करणार? आणि पिन दिला की ओटीपीही त्यांच्याच हातात, म्हणजे बाकीचे पासवर्डही बदलता येतात.

लेखी उत्तर द्या: कोणत्या डीलरचं, कोणत्या तारखांचं बोलणं बघायचं ते सांगा, फोन माझ्याच हातात ठेवून दाखवतो.

वाळूज: दाखवायच्या आधी पुसून टाकलं तर?

नांदेड: टाकेलही. पण पिन चार जणांना माहीत असेल तर मेसेज नक्की त्यानंच पाठवला, हे तुम्ही तरी कसं सिद्ध करणार? पुरावा तुमचाच बिघडतो. त्यापेक्षा कामाला कंपनीचा फोन आणि सिम द्या. प्रत्येक डीलरच्या यादीत एखादा आकडा किंचित वेगळा ठेवा, फुटली की कुठून फुटली ते कळतं.

वाळूज: आकड्याचं पटलं. पंधरा फोन घेणं मात्र छोट्या मालकाला झेपत नाही.

जालना: आमच्यातल्या दोघांनी सही करून टाकली, मॅनेजरनं त्यांचं व्हॉट्सॲपही उघडून बघितलं.

नांदेड: त्यांना आजच पिन आणि पासवर्ड बदलायला सांगा. व्हॉट्सॲपमधली ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडून बघा, अनोळखी संगणक दिसला तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग लॉग आउट करा. आणि संमती मागं घेतली, असं तारखेसह लेखी द्या.

जालना: मी उद्या अर्ज देतो. पण माझा करार मार्चमध्ये संपतो ताई, तो पुढं वाढवलाच नाही तर?

नांदेड: तिथं माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच मात्र घ्याच.