इंदूरचे 12.48 चांगले की बडोद्याचे 12.61?

वर्षा, इंदूर
माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, 100 मीटर पळते. एप्रिलमध्ये इथे इंदूरला तिने 12.48 ची वेळ दिली, निकालपत्रावर वारा +2.4 होता, म्हणजे मागून सेकंदाला 2.4 मीटर. तीन आठवड्यांनी बडोद्याला 12.61, वारा −1.1, म्हणजे समोरून. क्लबचे सर म्हणतात दुसरी शर्यत बिघडली, मेहनत कमी पडतेय. पोर दोन दिवस धड जेवली नाही. वारा हिशोबात धरला तर चांगली शर्यत कोणती? आणि असा हिशोब धरावा का?

हेमंत
ताई, नियम सरळ आहे. मागून वारा 2.0 च्या वर गेला की ती वेळ विक्रमासाठी चालत नाही. म्हणून 12.48 विसरा, तिची खरी वेळ 12.61. हे आकडे वाऱ्याप्रमाणे वरखाली करायला लागलो तर उद्या जो तो स्वतःला हवी ती वेळ काढून दाखवेल. घड्याळ दाखवते तेवढेच खरे.

प्रसाद, देवास
एवढे सोपे नाही, भिया. +1.9 ला पळालेली वेळ पूर्ण खरी आणि +2.1 ची पूर्ण खोटी, असे शरीराला कुठे कळते? आमच्याकडे सरळ हिशोब चालतो, दर 1 मीटर प्रति सेकंद वाऱ्याला 0.05 सेकंद. मागचा असेल तर वेळेत मिळवायचे, समोरचा असेल तर वजा करायचे. म्हणजे इंदूर 12.60 आणि बडोदा 12.55 किंवा 12.56. दोन्ही जवळपास सारख्याच.

मुग्धा, बडोदा
प्रसाद, दिशा बरोबर आहे, पण मागचा आणि समोरचा वारा एकाच मापाने मोजताय ना, तिथे गडबड होते. मुलगी सरासरी सेकंदाला 8 मीटर पळते असे धरा. वारा नसेल तर तिच्या अंगावर 8 ची हवा येते. मागून 2 चा वारा असेल तर 6 ची, समोरून 2 चा असेल तर 10 ची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे 64 चे एकीकडे 36 होतात आणि दुसरीकडे 100. फायदा 28 चा, तोटा 36 चा. समोरचा वारा जेवढा घेतो तेवढे मागचा वारा देत नाही.

म्युरेका या भौतिकशास्त्रज्ञाचे एक सोपे सूत्र आहे, त्यात हा वर्ग आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दोन्ही येतात:

```
t0 = t × [1.03 − 0.03 × e^(−0.000125 × H) × (1 − w × t / 100)^2]
```

t0 ही वारा नसताना समुद्रसपाटीवर लागली असती ती वेळ, t ही पळालेली वेळ, w वारा, H उंची मीटरमध्ये. इंदूरची उंची साधारण 550 धरली तर 12.48 चे होतात 12.68. बडोद्याची 40 धरली तर 12.61 चे 12.50. उंचीचा भाग फार मोठा नाही, इंदूरच्या वेळेत तो जेमतेम शतांश सेकंदाचा आहे. सगळा खेळ वाऱ्याचा.

माझ्या मते वर्षाताईंच्या मुलीची बडोद्याची शर्यत स्पष्टपणे सरस होती. समोरच्या वाऱ्यात पळालेल्या पोरीला मेहनत कमी पडली म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

गिरीश, ग्वाल्हेर
म्हणजे +2.4 मुळे इंदूरला मिळालेले पदक परत घेतात का? माझ्या भाच्याचे 200 मीटरमध्ये असेच झाले. वारा +2.8 आला, आणि घरी सगळे म्हणाले शर्यत रद्द.

अनंत, निवृत्त पंच, इंदूर
गिरीश, पदक कोणी घेत नाही. वारा सगळ्यांना सारखा होता, नंबर कायम राहतो. फक्त ती वेळ विक्रमाच्या यादीत जात नाही. भाच्याला सांगा, त्याची शर्यत रद्द झालेली नाही. 200 चा वारा तर फक्त सरळ पट्ट्यावर मोजतात, पहिला धावपटू वळणातून सरळ पट्ट्यावर आला की तिथून 10 सेकंद. वळणावर वारा कुठून होता ते त्या आकड्यात नसतेच, त्यामुळे 200 ला मुग्धाचे सूत्र लावू नका.

आता मुग्धाला सांगतो. सूत्र चुकीचे आहे असे मी म्हणत नाही, पण त्यात घालायचा w कुठून येतो ते पाहा. मी कितीतरी स्पर्धांत वारा मोजायच्या यंत्रापाशी बसलो आहे. अंतिम रेषेपासून 50 मीटरवर, आतल्या लेनच्या बाजूला, 2 मीटरच्या आत आणि 1.22 मीटर उंचीवर ते उभे असते. बंदूक वाजल्यापासून 10 सेकंदांची सरासरी घेते. ही मुलगी साडेबारा सेकंद पळते. शेवटचे अडीच सेकंद, जिथे पाय जड होतात, त्या वेळचा वारा कागदावर नाहीच.

शिवाय आकडा नेहमी वरच्या दशांशाला नेतात. 2.01 आला तर निकालावर 2.1. समोरचा 1.19 असेल तर लिहितात −1.1, म्हणजे कागदावर तो प्रत्यक्षाहून थोडा कमीच दिसतो. एप्रिलच्या दुपारी इंदूरला वारा झोतांनी येतो. यंत्रापाशी झेंडी फडफडते आणि आठव्या लेनजवळची लोंबत असते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका ठिकाणच्या आकड्यावरून शतांश सेकंदाचा निकाल देऊ नये.

मुग्धा, बडोदा
काका, मान्य. यंत्राचे सगळ्यात मोठे उदाहरण 1988 चे इंडियानापोलिस. फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर 10.49 पळाली, यंत्राने वारा 0.0 दाखवला, आणि त्याच सुमारास शेजारच्या तिहेरी उडीच्या यंत्रावर 4.3 होता. महिलांच्या 100 मीटरचा तो जागतिक विक्रम आजही उभा आहे. पण मला वाटते सूत्राचा उपयोग इथेच आहे. 10.49 ला 4.3 चा वारा धरून पाहिला तर साधारण 10.7 येतात. दुसऱ्या दिवशीच्या अंतिम फेरीत ती 10.61 पळाली, वारा +1.2. त्याचेही साधारण 10.7 येतात. त्या 0.0 वर शंका घ्यायला एवढे पुरते.

हेमंत
शंका घ्या, पण विक्रम बदलला का? नाही. म्हणूनच म्हणतो. उद्या राज्याच्या निवडीत एकीने 12.55 शांत हवेत दिले आणि दुसरीने 12.61 समोरच्या वाऱ्यात, तर सूत्र लावून दुसरीला घेणार? पहिलीच्या आईबापांना काय सांगाल?

मुग्धा, बडोदा
निवडीत नको, हे मीही मानते. तिथे सगळ्यांना एकाच दिवशी एकाच शर्यतीत पळवावे. पण सराव कसा चाललाय हे पाहायचे असेल तर वारा न धरता दोन शहरांतल्या वेळा शेजारी ठेवणे चूक आहे. सूत्रातला 0.03 हा आकडा वरच्या दर्जाच्या धावपटूंसाठी आहे. सोळा वर्षांच्या मुलीला तो तसाच लागू पडेल असे नाही, त्यामुळे माझा 0.18 चा फरक फुगलेला असू शकतो. प्रसादचा 0.05 घेतला तरी बडोदाच पुढे राहते. फरक किती ते ठाम सांगता येत नाही, पण पुढे कोणती ते सांगता येते.

अनंत, निवृत्त पंच, इंदूर
यावर माझी हरकत नाही. वर्षा, तिच्या वहीत वेळेशेजारी वाऱ्याचा आकडा न चुकता लिहीत जा, सुधारलेली वेळ हवी तर पेन्सिलीने वेगळ्या रकान्यात. आणि दोन शर्यतींवरून काही ठरवू नकोस. +1.0 ते −1.0 च्या मधल्या पाच-सहा शर्यती जमू देत, मग वाढ की घट ते दिसेल.

वर्षा, इंदूर
काका, मुग्धा, आत्ता तिला जवळ बसवून 36, 64 आणि 100 चा हिशोब दाखवला. तिने वही मागितली आणि मागच्या वर्षीची निकालपत्रे काढून बसली आहे. चार शर्यतींना वाऱ्याचा आकडाच छापलेला नाही. त्यांचे काय करायचे?

अनंत, निवृत्त पंच, इंदूर
त्या वेळा ठेव, पण तुलनेत धरू नकोस.

प्रसाद, देवास
मी तरी धरतो. नाहीतर आमच्या जिल्ह्यातल्या अर्ध्या पोरांकडे एकही वेळ उरणार नाही.