‘इंटरसेप्ट पॉइंट’ला छेदनबिंदू म्हणावे का?

शिक्षिका, बेळगाव: अँप्लिफायरच्या प्रयोगाची मराठी टिपणे करताना मी ‘थर्ड ऑर्डर इंटरसेप्ट पॉइंट’साठी ‘तृतीय क्रमाचा छेदनबिंदू’ असे लिहिले. तोंडी परीक्षेत एका मुलाने सांगितले, की या बिंदूपाशी आमचा अँप्लिफायर २५ डीबीएम देतो. प्रत्यक्षात तो १५च्या आसपासच दबू लागतो. हा शब्द दिशाभूल करतो का?

निवृत्त अभियंता, निपाणी: ताई, शब्द बरोबर आहे, छेद कोणत्या रेषांचा, एवढेच सांगायचे राहिले आहे. आत किती डीबीएम सोडले आणि बाहेर किती आले, या आलेखावर आत सोडलेल्या सुरांच्या रेषेचा चढ १ असतो आणि ते सूर अँप्लिफायरमध्ये मिसळून जे नको असलेले नवे सूर निपजतात, त्या उपजीचा ३; पण वर जाताना दोन्ही वाकतात, म्हणून खालच्या सरळ भागाला पट्टी लावून रेषा पुढे वाढवल्या की त्या जिथे मिळतात, तो हा बिंदू. तुमचा लाभ १५ डीबी धरू. १४५.० आणि १४५.१ मेगाहर्ट्‌झचे दोन सूर प्रत्येकी उणे २० डीबीएमने आत सोडले, तर बाहेर उणे ५ येतात, म्हणजे बिंदूपासून ३० खाली. उपज तिप्पट खाली असते. २५मधून ९० गेले, उरले उणे ६५. ती १४४.९ आणि १४५.२वर, सुरांच्या अगदी शेजारी पडते, त्यामुळे फिल्टरने काढता येत नाही.

खानापूरहून: ‘छेद’ म्हणजे अपूर्णांकातला खालचा अंक, हेच मुलांच्या डोक्यात असते. मी ‘मिलनबिंदू’ म्हणेन. शिवाय सूर १० डीबीने वाढवले की उपज ३०ने वाढते, म्हणजे दोहोंतले अंतर ३०ने घटते.

निवृत्त अभियंता, निपाणी: अंतर २०नेच घटते, कारण सूरही १०ने वर आले. आता सूर ५वर आणि उपज उणे ३५वर. ६०चे अंतर ४० झाले. आणि ‘मिलन’ म्हटले, तर दोघे खरोखर भेटतात असेच मुलांना वाटेल.

चिकोडीहून: गणपतीत आमच्या मंडपातला अँप्लिफायर आवाज वाढवला की फाटतो. तो हाच बिंदू ना?

निवृत्त अभियंता, निपाणी: नाही. तिथे लाटेची टोकेच छाटली जातात, आणि तिप्पट चढाचा हिशेब तिथवर पोहोचतच नाही.

भाषांतरकार, बेळगाव: ‘प्रॉडक्ट’साठी ‘उपज’ म्हणायला माझा विरोध आहे. सर्किटमध्ये सूर एकमेकांशी खरोखर गुणले जातात, मग ‘गुणाकार’ का नको?

शिक्षिका, बेळगाव: ‘गुणाकार’ लिहिले, तर मुले १४५ला १४५ने गुणतील. पण सर, आमच्या स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर उपज उणे ५८ दिसते, उणे ६५ नाही.

निवृत्त अभियंता, निपाणी: अ‍ॅनलायझरच्या तोंडाशी बाहेरून १० डीबीचा अटेन्युएटर लावा. उपज अँप्लिफायरचीच असेल, तर सुरांबरोबर १०ने उतरेल. त्याहून जास्त उतरली, तर अ‍ॅनलायझर स्वतःची भर घालतो आहे.

शिक्षिका, बेळगाव: लावून पाहिला. सूर १०ने उतरले, उपज १६ने. टिपणात मी ‘वाढवलेल्या रेषांचा छेदनबिंदू’ असे लिहीत आहे.

खानापूरहून: एवढा लांबलचक शब्द फळ्यावर कोण लिहील? मी ‘मिलनबिंदू’च म्हणणार.