मदत हवी: मिक्सरच्या चटणीच्या भांड्याचा लसणाचा वास आणि झाकणाच्या रबराचे पिवळे डाग जात नाहीत

मीनल_फोंडा

नमस्कार. चतुर्थी पंधरा दिवसांवर आली आहे आणि मला घाईने सल्ला हवा आहे.

आमच्या मिक्सरचं छोटं भांडं स्टीलचं आहे. झाकण पारदर्शक प्लॅस्टिकचं, त्यात पांढरी रबरी रिंग बसते. वर्षभर याच भांड्यात सगळं वाटलं जातं: मिरची-कोथिंबीर-लसणाची चटणी, शागोतीचं वाटण, कधी किसमुरीसाठी सुकी सुंगटं. रिंग आता हळदीसारखी पिवळी झाली आहे, झाकणाच्या कडेलाही तांबूस छटा आली आहे. डागांचं मी चालवून घेईन, वासाचं नाही. गेल्या सोमवारी खिरीसाठी याच भांड्यात नारळाचा रस काढला, तर खिरीला लसणाचा वास. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण वाटी तशीच ठेवून उठल्या. चतुर्थीला मणगणें आणि पातोळ्या याच मिक्सरवर व्हायच्या आहेत.

करून पाहिलेलं: साबण दोनदा, लिंबाची साल, सोड्याचा लेप दहा मिनिटं. धुतल्यावर वास गेल्यासारखा वाटतो. भांडं सुकलं आणि झाकण लावून ठेवलं की सकाळी परत येतो.

रेशम_डिचोली

भांड्यात खायचा सोडा आणि माडाचा विनागर एकत्र ओत, रिंगही त्यातच टाक आणि उकळ. मस्त फेस येतो, सगळी घाण वर येते. आमच्या घरी नेहमी असंच करतो.

दुरुस्ती_म्हापसा

रेशमताई, फेस दिसतो खरा, पण सोडा आणि विनागर एकमेकांना मारून टाकतात. फेस बसला की उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही उपयोगी आहेत. आणि माडाच्या विनागराला स्वतःचा वास असतो, तो रबरात मुरला तर मीनलताईंना दुसरीच अडचण व्हायची.

भांडं तर गॅसवर ठेवूच नका. खालच्या बुशमध्ये बारीक सील असतं, ते उकळण्यासाठी केलेलं नाही. रिंग सिलिकॉनची असेल तर उकळत्या पाण्यात पाच मिनिटं चालते, साधं रबर असेल तर कडक होऊन चिरा पडतात. बाजारात दोन्ही मिळतात, त्यामुळे खात्री नसेल तर उकळू नये.

मी मिक्सर दुरुस्तीचं काम करतो म्हणून आधी एक विचारतो. वास नक्की कुठून येतो ते पाहिलंत का? स्टील वास धरत नाही. तेल आणि वाटण जिथे अडकतं तिथून तो येतो आणि अशा जागा तीनच: रिंग स्वतः, रिंग बसते ती झाकणाची खाच, आणि पात्याच्या खालचा भाग. आज रात्री भांडं, झाकण आणि रिंग वेगवेगळ्या बंद डब्यांत ठेवा. सकाळी एकेक डबा उघडून वास घ्या. त्याशिवाय उपाय सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

कुळागर

आमच्या मिक्सरलाही वास येतो, जळका. नारळ वाटताना तर जास्तच. तोच रोग का?

दुरुस्ती_म्हापसा

नाही हो, तो वेगळा. जळका वास मोटारीचा. भांडं ठासून भरलं, पाणी कमी पडलं की मोटारीवर ताण येतो. मोटार थंड होऊ द्या, पुढच्या वेळी नारळ थोडा थोडा घाला. तरीही वास आला तर मिक्सर उघडून दाखवायला न्या. या धाग्यात मिसळू नका, मीनलताईंचं उत्तर मागे पडेल.

मीनल_फोंडा

दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. झाकणाच्या डब्यात किंचित वास, रिंगेच्या डब्यात एवढा की डबा लगेच बंद केला. भांड्याच्या डब्यातही बऱ्यापैकी वास आहे, आणि भांड्याच्या आत नाक घातलं तर तो तळाशी, पात्याजवळ येतो. म्हणजे लिंबाची साल मी उगाच भिंतींना घासत होते!

आणि एक. काल रात्री रिंगेला पुन्हा सोडा लावला होता, तर पिवळा डाग लालसर झाला. रिंग खराब झाली का?

शुभदा_साखळी

मीनल, घाबरू नकोस. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. कुंकू कसं करतात, हळदीत चुना घालूनच ना? लिंबाचा थेंब टाक, परत पिवळी होईल. रबराला काही झालेलं नाही.

डागाचं मात्र माझं मत असं की तो उन्हानेच जातो. हळदीचा रंग उन्हात विटतो. मी मागे एक झाकण ओलं करून गच्चीवर सलग चार दिवस ठेवलं होतं, पार फिकं पडलं. मिरचीचा तांबूसपणाही विटतो, पण हळू.

मीनल_फोंडा

शुभदाताई, ऊन कुठून आणू? आठवडाभर पाऊस कोसळतो आहे.

दुरुस्ती_म्हापसा

शुभदाताईंचं उन्हाचं बरोबर आहे, फक्त ते डागांसाठी. ऊन मिळेल तेव्हा ठेवा. चतुर्थीआधी वास जायला हवा, तर त्याचं सांगतो.

हळदीचा रंग, मिरचीचा रंग आणि लसणाचा वास हे तिन्ही तेलात विरघळतात, पाण्यात फारसे नाहीत. म्हणूनच साबणाने दहा मिनिटांत काही होत नाही. रिंग चमच्याच्या मागच्या टोकाने हलकेच उपसून काढा, सुरी लावू नका, कड फाटते. रिंगेला आणि झाकणाच्या खाचेला खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा. तेल तेलातलं ओढून घेतं. मग ते कापडाने पुसून टाका आणि भांडी घासायच्या द्रवाने कोमट पाण्यात दोनदा धुवा. हे पुसणं टाळलंत तर उरलेलं तेल खवट होऊन वास आणखी वाढेल. खाचेत जुना दाताचा ब्रश फिरवा, तिथून काळपट चिखल निघतो की नाही पाहा. त्यानंतर एक वाटी कोमट पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून रिंग रात्रभर बुडवा. खवट तेलाचा आंबट वास सोड्याने जातो. लसणाचा कमी होतो, पुरता जाईलच असं मी म्हणणार नाही.

पात्याखाली: भांड्यात पात्यावर येईल एवढं कोमट पाणी आणि द्रवाचे चार थेंब घालून वीस-तीस सेकंद फिरवा, ओता, आणि हे तीनदा करा. मग भांडं उलटं करून सुकवा. पातं काही भांड्यांचं खोलता येतं, पण त्याचे आटे उलटे असू शकतात. फिरत नसेल तर जोर करू नका, सील तुटतं.

शेवटची एक तपासणी. भांड्यात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल किंवा काळा डाग पडला असेल तर बुशचं सील गेलेलं आहे. त्या फटीत वाटण शिरतं आणि तिथला वास कशानेच जात नाही. मग दुकानात नेऊन सील बदलणं हाच उपाय.

रेशम_डिचोली

मी तांदूळ कोरडे फिरवते, तेल पुसून निघतं. हे तरी बरोबर ना?

दुरुस्ती_म्हापसा

अर्धं. मूठभर तांदूळ दहा-बारा सेकंद फिरवले तर पात्यावरचं तेल खरंच निघतं. पण पीठ तळाच्या फटीत जातं आणि पावसात तिथेच आंबतं. फिरवलेत तर लगेच पाण्याने दोनदा फिरवून काढा.

मीनल_फोंडा

चार दिवसांनी सांगते आहे.

खाचेतून ब्रशला खरंच काळं निघालं, मला लाज वाटली. पात्याखालचं पाणी तिसऱ्या वेळी स्वच्छ आलं. वर्तमानपत्र कोरडंच राहिलं, म्हणजे सील शाबूत आहे. रिंग दोन रात्री सोड्यात ठेवली. वास बराच कमी झाला, पण बंद डब्यात अजून येतो. आणि सोडा धुतल्यावर रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक काळे ठिपके दिसले, ते ब्रशने जात नाहीत. नवी रिंग आणू की अजून खटपट करू?

दुरुस्ती_म्हापसा

ते ठिपके बुरशीचे. पावसाळ्यात ओलं झाकण घट्ट लावून ठेवलं की होतात, आणि आत गेलेली बुरशी निघत नाही. ब्लीच लावायचा मोह होईल, लावू नका. स्टीलला लागलं तर खड्डे पडतात, आणि ब्लीचवर विनागर पडलं तर विषारी वायू निघतो. रिंग बदला. जाताना झाकण सोबत न्या, नुसती रिंग नाही. जुनी रिंग ताणली गेलेली असते, तिच्या मापाने घेतली तर नवी ढिली बसेल.

शुभदा_साखळी

नवी रिंग आणलीस तरी चतुर्थीच्या दिवशी पहिला घाणा नैवेद्याचा करू नकोस. आदल्या दिवशी मूठभर ओलं खोबरं वाटून चाखून बघ. पाण्याने कळत नाही, खोबरं वास पटकन ओढतं.

मीनल_फोंडा

आज नवी रिंग बसवली. काल पहिल्यांदा चुकीच्या मापाची आणली होती, झाकण नेलं नव्हतं, परत जावं लागलं. शुभदाताईंनी सांगितलं तसं मूठभर खोबरं वाटून चाखलं. लसणाचा वास नाही. सासूबाईंनाही चाखायला दिलं, त्या म्हणाल्या, "नारळच लागतो."

झाकणाच्या कडेचा तांबूसपणा मात्र तसाच आहे, ऊन येईल तेव्हा बघते. जुनी रिंग फेकलेली नाही. तिखट वाटण करताना तीच लावावी आणि नवी गोडासाठी ठेवावी असा विचार होता, पण त्या ठिपक्यांमुळे धीर होत नाही. कोणी दोन रिंगा अशा वापरतं का? अदलाबदल करून झाकण ढिलं पडत नाही ना?

कुळागर

आमच्याकडे दोन वेगळी भांडीच आहेत, तिखटाचं आणि गोडाचं. रिंगेचं माहीत नाही.