सोसायटी ग्रुप: डोळ्यांच्या ऑपरेशनचं आवाहन आणि ती 500 ची ओळ

शुभांगी मोरे (बी-203): जाधव सर, काल रात्री डोंगरातल्या पेशंटच्या मोतीबिंदू ऑपरेशनसाठी टाकलेलं मदतीचं आवाहन कृपया अजून कुणाला पुढे पाठवू नका. "500 रुपयांत अंध आजीला दृष्टी द्या" हे कुठून आलं? ऑपरेशन करून देणाऱ्या संस्थेच्या कागदात असं कुठंच नाही. आणि तो शाळेच्या वर्गात ऑपरेशन चाललेला फोटो पण काढा. गावात फक्त तपासणी शिबिर होतं, ऑपरेशन साताऱ्याला हॉस्पिटलच्या थिएटरमध्येच करतात.

जाधव सर (ए-302): ताई, मजकूर मी लिहायचा हे मीटिंगमध्ये ठरलं होतं, तेव्हा कुणी काही बोललं नाही आणि आता पाठवायच्या वेळेला सगळ्यांना सुचतंय. 500 लिहिलं की लोक देतात. आकडा मोठा दिसला की पुढं सरकवतात.

पवार आबा (सी-101): गणपतीच्या वर्गणीत पण हेच म्हणाला होता सर, हिशोब अजून यायचाय 😀

सेक्रेटरी: आबा, तो विषय रविवारी. इथं नको.

कुलकर्णी काका (ए-104): 80जी ची पावती मिळणार का? तेवढं सांगा.

शुभांगी मोरे: सर, राग नको. कागदावरचा हिशोब असा आहे. तपासण्या, लेन्स, ऑपरेशन आणि महिनाभराचे ड्रॉप्स मिळून 2400. पेशंट आणि सोबत एक माणूस, त्यांचं आणणं-नेणं, राहणं-जेवण 900. नंतर दोन वेळा फेरतपासणीला परत आणायचं 1200. एकूण 4500. तुमच्या 500 मध्ये यातलं काय येतं ते मला सांगा.

स्नेहल (बी-401): पण ताई 2400 मध्ये चांगलं ऑपरेशन होतं का? माझ्या सासूबाईंना पुण्यात 45 हजार लागले. लोक विचारणारच.

शुभांगी मोरे: विचारू देत, चांगलाच प्रश्न आहे. सासूबाईंचं फेको असणार, दोन-तीन मिलिमीटरचा छेद, मशीननं मोतीबिंदू फोडून काढायचा आणि घडीची लेन्स बसवायची. इथं छेद सहा-सात मिलिमीटरचा असतो पण तो तिरका घेतात, त्यामुळं आपोआप मिटतो, बहुतेक वेळा टाका लागत नाही. मशीन महागडं लागत नाही आणि लेन्स कडक प्लास्टिकची. डोंगरातले पेशंट येतात तेव्हा मोतीबिंदू पांढराफटक आणि दगडासारखा झालेला असतो, त्याला ही पद्धत चांगली चालते. लेन्स पूर्वी परदेशातून यायची म्हणून महाग होती, 1992 पासून मदुराईच्या अरविंद डोळ्यांच्या हॉस्पिटलवाल्यांनी ऑरोलॅबमध्ये स्वतः बनवायला घेतली आणि किंमत खूप खाली आली. स्वस्त आहे म्हणजे कमअस्सल आहे असं अजिबात नाही.

पवार आबा: माझं आजोळ बामणोलीच्या पलीकडं, कांदाटी खोऱ्यात. ऑपरेशनचं ऱ्हाऊ द्या, माणूस इथवर येतोय कसा ते लिवा. शेवटची लाँच गेली की संपलं, सकाळपर्यंत तिथंच. मामी दोन वर्सं म्हणत हुती "अजून पिकला नाय". पोराचा रोज बुडतोय म्हणून बसून ऱ्हायली.

शुभांगी मोरे: आबा, हेच लिहायला पाहिजे. आणि पिकेपर्यंत थांबायचं हे जुनं झालं. जास्त पिकला तर डोळ्यातला दाब वाढतो, डोळा लाल होऊन ठणकतो आणि कायमचा जाऊ शकतो.

जाधव सर: सगळं मान्य, पण आवाहन आहे, निबंध नाही. शॉर्ट ठेवा.

कुलकर्णी काका: 80जी चं कुणी सांगत नाही.

सेक्रेटरी: काका, संस्थेकडं 80जी आहे, पावती संस्थाच देणार, सोसायटी देऊ शकत नाही. रोख 2000 च्या वर दिले तर सूट नाही. टॅक्सची नवीन पद्धत घेतली असेल तर तशीही सूट नाही.

देशमुख वहिनी (सी-303): कुणाची तरी ग्रे ॲक्टिवा परत आमच्या जागेवर लावलीय. आधी ती काढा मग दानधर्म करा.

स्नेहल: काढते वहिनी, सॉरी.

जाधव सर: बरं ताई, "दृष्टी द्या" या शब्दांना काय हरकत आहे? लोकांच्या मनाला लागतं ते.

शुभांगी मोरे: हरकत आहे सर, कारण ते प्रत्येकाच्या बाबतीत खरं होत नाही. मी नेत्र चिकित्सा अधिकारी होते तेव्हाचं सांगते. एक आजोबा आले, दोन्ही डोळे पांढरे. एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्यावर टॉर्च वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून दाखवायची, उजेड कुठून येतोय ते पेशंटनं सांगायचं. डाव्या डोळ्यानं चारी बाजू बरोबर सांगितल्या. उजव्याला उजेडच कळेना, बाहुलीही हलेना. म्हणजे मोतीबिंदूच्या मागं नस काचबिंदूनं गेलेली. डाव्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी काढल्यावर ते आपले आपण चालत बाहेर गेले. उजव्याचं केलं असतं तर पैसे वाया आणि आशाही वाया. घरचे मात्र भांडत होते की जाहिरातीत तर दृष्टी मिळते म्हटलं होतं. ते ऐकून घ्यायला आम्ही असतो, मजकूर लिहिणारा नसतो.

जाधव सर: मी कुणाला फसवायला लिहिलं नाही. एवढं बोलायची गरज नव्हती.

सेक्रेटरी: सर, तुमच्या हेतूबद्दल कुणालाच शंका नाही 🙏

शुभांगी मोरे: खरंच नाही सर. तुमचं 500 चं म्हणणंही बरोबर आहे, छोटी रक्कम हवीच. फक्त ती खऱ्या गोष्टीला जोडू. ड्रॉप्सचे 300 पडतात, ते त्या 2400 मध्ये धरलेत. 1200 मध्ये एका माणसाच्या दोन्ही फेरतपासण्या होतात. याच 1200 ला कुणी पैसे देत नाही आणि घात तिथंच होतो. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा दुखायला लागला, लाल झाला, आदल्या दिवशीपेक्षा कमी दिसायला लागलं तर आत जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, तासातासाचा फरक पडतो. लाँचपलीकडची बाई "बघू उद्या" म्हणाली तर डोळा जातो. म्हणून संस्था फोन नंबर देते आणि गाडीचे पैसे बाजूला ठेवते.

कुलकर्णी काका: ऑनलाइन दिले तर 80जी ना?

सेक्रेटरी: हो काका. वर लिहिलंय.

जाधव सर: ठीक. हे बघा, नवीन:

"कांदाटी खोऱ्यातून साताऱ्याला डोळे दाखवायला यायचं म्हणजे आधी लाँच, मग जीप, आणि घरच्या एका माणसाचा रोज बुडतो. म्हणून मोतीबिंदू तसाच राहतो. 4500 रुपयांत एका पेशंटला आणणं, तपासणं, हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन करणं आणि फेरतपासणीला दोनदा परत आणणं होतं. 1200 रुपयांत एकाच्या दोन्ही फेरतपासण्या होतात. 300 रुपयांत महिन्याचे ड्रॉप्स येतात. ऑपरेशननं फायदा होईल का हे डॉक्टर आधी तपासतात, ज्यांना होणार नाही त्यांना तसं स्पष्ट सांगतात. पैसे थेट संस्थेच्या खात्यावर द्या, पावती संस्था देईल."

शुभांगी मोरे: छान झालंय सर. "फोन आला की त्याच दिवशी गाडी" एवढं अजून घाला. फोटोला माझ्याकडं बामणोलीच्या धक्क्याचा आहे, त्यात कुणाचा चेहरा नाही. रडणाऱ्या आजींचा नको, त्यांना कुणी विचारलेलं नसणार.

पवार आबा: माझे 1200 लिवा. मामीच्या नावानं.

सेक्रेटरी: आबा, पैसे संस्थेच्या खात्यावरच टाका, इथं फक्त स्क्रीनशॉट द्या. सर, ती ओळ घालून आज रात्री फायनल टाका, उद्या सकाळी बाकीच्या ग्रुपवर पाठवू. कालचा मजकूर ज्यांनी पुढं पाठवलाय त्यांनी प्लीज डिलीट करायला सांगा.